सेल, चावी की मनगट?

घड्याळाच्या दुकानात काचेखाली दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्हींना पांढरी तबकडी, तीन काटे, तीनच्या आकड्यापाशी तारखेची खिडकी आणि चामड्याचा पट्टा. एकाची किंमत दीड हजार, दुसऱ्याची बारा हजार. फरक विचारला की विक्रेता सांगतो, "हे क्वार्ट्झ आहे, ते ऑटोमॅटिक." पहिल्यांदाच घड्याळ घेणारा मान डोलावतो आणि मनाशी धरून चालतो की आठपट किमतीचं घड्याळ वेळही जास्त बिनचूक दाखवत असणार. वस्तुस्थिती उलटी आहे. दीड हजाराचं घड्याळ महिनाभरात जेवढं पुढे-मागे होईल, तेवढं बारा हजाराचं एका दिवसात होऊ शकतं, आणि तरीही त्यात काही बिघाड नसतो.

हे कसं, ते कळायला घड्याळाच्या पोटात डोकवावं लागतं. कुठल्याही घड्याळाला दोन गोष्टी लागतात: काटे फिरवायला शक्ती, आणि ती शक्ती मोजून-मापून सोडणारं काहीतरी. क्वार्ट्झमध्ये शक्ती सेलची आणि मोजणी स्फटिकाची. चावीच्या घड्याळात शक्ती बोटांची. ऑटोमॅटिकमध्ये शक्ती मनगटाच्या हालचालीची. मोजणीच्या बाबतीत मात्र चावीचं आणि ऑटोमॅटिक ही सख्खी भावंडं आहेत. म्हणून तीन प्रकार म्हटले तरी खरी घराणी दोनच.

क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. घड्याळासाठी तो कारखान्यात वाढवतात आणि त्यातून दोन दांड्यांचा इवलासा चिमटा कापून काढतात. या स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो. चिमट्याचा आकार असा ठरवलेला असतो की ही थरथर सेकंदाला ३२,७६८ वेळा व्हावी. आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडला आहे. ३२,७६८ ला दोनाने भागत गेलं तर बरोबर पंधराव्या वेळी १ उरतो. घड्याळातली चिप हेच करते: निम्मे, पुन्हा निम्मे, असं पंधरा वेळा. शेवटी सेकंदाला एक विजेचा ठोका उरतो. तो ठोका एका चिमुकल्या मोटरला जातो, मोटर अर्धा फेरा घेते आणि सेकंद काटा एक घर पुढे उडी मारतो. साध्या क्वार्ट्झचा काटा 'टक... टक...' करत चालतो तो यामुळे.

जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ ला 'ॲस्ट्रॉन' हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला आणलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. त्या काळी तेवढ्या पैशांत जपानमध्ये छोटी मोटार येत असे. पुढच्या काही वर्षांत चिप आणि स्फटिक इतके स्वस्त झाले की तेच तंत्र आज फुटपाथवरच्या घड्याळातही असतं. अनेक ब्रँड जपानमधल्या मियोता कंपनीचं '२०३५' हे क्वार्ट्झ यंत्र विकत घेऊन आपापल्या घड्याळात बसवतात. त्याची हमी महिन्याला फार तर २० सेकंद पुढे किंवा मागे अशी आहे, आणि एका सेलवर ते सुमारे तीन वर्षं चालतं.

स्फटिकालाही एक मर्यादा आहे, ती तापमानाची. हा चिमटा साधारण २५ अंश सेल्सियसला सर्वांत नेमका थरथरतो. त्यापेक्षा फार गरम किंवा फार थंड झाला तर किंचित मंदावतो. मनगटावर असताना अंगाची ऊब त्याला सांभाळून घेते. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात घड्याळ ४५ अंशांना तापलेल्या जागी पडून राहिलं तर दिवसाला सेकंदभर मागे पडू शकतं. वापरातलं क्वार्ट्झ चांगलं चालतं आणि कपाटातलं मागे पडतं, याचं एक कारण हे.

क्वार्ट्झचा दुसरा प्रश्न सेलचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण चांगली क्वार्ट्झ घड्याळं बहुतेकदा सेलपायीच खराब होतात. त्यांना लागणारा बटण सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. तो १.५५ व्होल्टचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ तसाच ठेवतो आणि मग एकदम संपतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल बराच स्वस्त मिळतो आणि त्याच जागी चपखल बसतोही. पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो, तो लवकर संपतो, आणि त्यातून क्षार पाझरून आतलं सर्किट खाल्लं जाण्याचा धोका जास्त असतो. ओळख सोपी आहे. सेलवरची अक्षरं 'एसआर'ने सुरू होत असतील तर तो सिल्व्हर ऑक्साइड, 'एलआर'ने होत असतील तर अल्कलाइन. छोट्या क्वार्ट्झ घड्याळांत 'एसआर ६२६' हे माप सर्रास असतं. त्यालाच '३७७' असंही म्हणतात. सेल टाकायला गेल्यावर नवा सेल पाकिटातून आपल्यासमोर काढायला लावावा आणि अक्षरं वाचावीत. काही क्वार्ट्झ यंत्रांत सेल संपत आला की काटा दर सेकंदाऐवजी दोन किंवा चार सेकंदांची एकदम उडी मारू लागतो. तो बिघाड नव्हे, सेल बदलण्याची सूचना आहे. मेलेला सेल मात्र घड्याळात महिनोन्‌महिने ठेवू नये. पाझरतो तो बहुधा तोच.

आता दुसरं घराणं. यात वीज अजिबात नाही. एका गोल डबीत पोलादी पट्टीची लांबलचक कमान गुंडाळलेली असते. ती गुंडाळली की तिला उलगडायचं असतं, आणि त्या ओढीवर सगळी चाकं फिरतात. तिला मोकळं सोडलं तर ती क्षणार्धात उलगडून जाईल. म्हणून शेवटी एक तोलचक्र बसवलेलं असतं, ज्याच्या आसाला केसाइतकी बारीक स्प्रिंग जोडलेली असते. हे चक्र एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं डोलत राहतं, आणि प्रत्येक डोलीला शेवटच्या चाकाचा एकच दात सुटू देतं. सुटताना तो दात चक्राला हलकासा धक्का देऊन जातो, झोपाळ्यावरचं मूल परत आलं की आपण नेमका त्याच वेळी हात लावतो तसा. घड्याळ कानाला लावल्यावर येणारी बारीक टिकटिक म्हणजे दात सुटण्याचा हा आवाज.

एचएमटीच्या 'जनता'मध्ये हे चक्र तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. आजच्या बऱ्याचशा परवडणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांत २१,६०० ठोके असतात, म्हणजे सेकंदाला सहा. त्यामुळे त्यांचा सेकंद काटा उड्या मारत नाही, सरकत गेल्यासारखा दिसतो. सेकंदाला पाच-सहा ठोके आणि सेकंदाला ३२,७६८ कंपनं, या अंतरातच अचूकतेचा सगळा हिशेब आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात २० सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत सव्वादोनच्या आसपास. धातूची चाकं, तेलाचा थेंब आणि केसाएवढी स्प्रिंग यांच्या जिवावर हे साधतं, हे खरोखर थक्क करणारं आहे. पण घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की दिवसाला २० सेकंद म्हणजे महिन्याला दहा मिनिटं.

शिवाय ही चूक रोज सारखी नसते. कमान पूर्ण भरलेली असताना चक्र जोमाने डोलतं, उतरत आली की त्याची झेप कमी होते, आणि वेग बदलतो. गुरुत्वाकर्षणाचाही परिणाम होतो: तबकडी वर करून ठेवलेलं घड्याळ एका चालीने चालतं, आडवं उभं केलेलं दुसऱ्या. जाणकार याचा उपयोग करून घेतात. दिवसभरात घड्याळ दहा सेकंद पुढे गेलं असेल, तर रात्री ते ज्या स्थितीत मागे पडतं त्या स्थितीत ठेवायचं. कोणती स्थिती कशी चालते, हे प्रत्येक घड्याळाचं वेगळं असतं. चार-पाच रात्री ठेवून बघितलं की कळतं.

चावीचं घड्याळ महाराष्ट्रातल्या घराघरांत आलं ते एचएमटीमुळे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना सुरू झाला. पुढची दोन-तीन दशकं मुंजीत, लग्नात, नोकरी लागल्यावर आणि निवृत्तीच्या समारंभात मनगटावर चढलं ते बहुधा एचएमटीच. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळं आणली आणि बाजार सेलकडे वळला. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

या घड्याळाला रोज एकदा चावी द्यायची, शक्यतो ठरलेल्या वेळी, म्हणजे कमान रोज सारखीच भरलेली राहते. घड्याळ मनगटावरून काढून चावी द्यावी. मनगटावर असताना दिली तर बोटांचा जोर तिरपा पडतो आणि चावीची दांडी झिजते. वीस-तीस फेऱ्यांनंतर स्पष्ट अडसर लागतो. तिथे थांबायचं. कमानीचं बाहेरचं टोक डबीला पक्कं अडकवलेलं असतं, त्यामुळे पुढे जोर लावला तर काहीतरी तुटणारच. रोज हाताळल्याने चावीजवळचं सीलही झिजतं, आणि जुन्या घड्याळांत पाण्यापासून बचाव जवळजवळ नसतोच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात असं घड्याळ रोज घालण्याचा हट्ट धरू नये.

जुनी एचएमटी घेताना आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर चकचकीत लाल, हिरव्या, नारिंगी तबकड्यांची 'पायलट' आणि 'जनता' स्वस्तात दिसतात. त्यांतल्या कित्येक तबकड्या नंतर रंगवलेल्या असतात आणि आतलं यंत्र वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून उभं केलेलं असतं. भिंगातून बघितलं तर छापील अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसतात. घरात आजोबांचं घड्याळ पडून असेल तर ते साफ करून घेणं या खरेदीपेक्षा कितीतरी चांगलं.

ऑटोमॅटिक म्हणजे याच चावीच्या यंत्रावर बसवलेलं अर्धगोल वजन, म्हणजे रोटर. हात हलला की ते फिरतं आणि कमान गुंडाळतं. इथे कमानीचं बाहेरचं टोक डबीला पक्कं नसतं. कमान पूर्ण भरली की ते भिंतीवरून घसरतं, त्यामुळे दिवसभर कितीही हात हलवला तरी ती जास्त आवळली जात नाही. स्वस्त-मध्यम घड्याळांत दोन जपानी यंत्रं वारंवार भेटतात: सेकोचं 'एनएच ३५' आणि मियोताचं '८२१५'. दोन्ही २१,६०० ठोक्यांची, दोन्हींची हमी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळं याहून बरी चालतात, पण दिवसाला ३५ सेकंद पुढे जाणारं घड्याळ घेऊन वॉरंटीत भांडायला गेलं, तर कंपनी "हे मर्यादेत आहे" म्हणेल आणि ते खरं असेल. '८२१५'चा रोटर एकाच दिशेने फिरताना कमान भरतो, दुसऱ्या दिशेने नुसताच भिरभिरतो. हात झटकला की आत काहीतरी घरंगळल्याचं जाणवतं. नवं घड्याळ सुटलं म्हणून घाबरून दुकानात परत जाणारे असतात. तो त्या यंत्राचा स्वभाव आहे.

ऑटोमॅटिक घेणाऱ्याने स्वतःला विचारायचा खरा प्रश्न असा: घड्याळ हातात नसेल ते तास किती? डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टला जाणारा एक नोकरदार धरू. सोमवार ते शुक्रवार घड्याळ हातात, शनिवार-रविवार कपाटात. 'एनएच ३५' पूर्ण भरल्यावर साधारण ४१ तास चालतं. शुक्रवारी रात्री नऊला काढलं तर रविवारी दुपारी दोनला थांबलं. तेही कमान पूर्ण भरलेली असेल तर. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याचा हात फारसा हलत नाही, अर्धीच कमान भरते, आणि घड्याळ शनिवारीच मान टाकतं.

सोमवारी सकाळी सातला त्याच्यासमोर दोन वाजलेले आणि रविवारची तारीख. इथे घाईत एक चूक होते, आणि ती महागात पडते. काटे रात्री नऊ ते पहाटे तीन यांच्या दरम्यान असताना तारखेचं चक्र काट्यांच्या चाकांत अडकलेलं असतं. तेव्हा चावीने तारीख झटपट पुढे ढकलली तर दात वाकतो. थांबलेल्या घड्याळाकडे बघून ते दुपारचे दोन की रात्रीचे, हे कळत नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी चावीला पंधरा-वीस फेरे द्यायचे, काटा चालू होतो. मग चावी शेवटच्या खाचेपर्यंत ओढून काटे पुढे फिरवायचे. बारा ओलांडताना तारीख बदलली तर ती मध्यरात्र, नाही तर दुपार. हे कळलं की काटे सकाळच्या सहा-साडेसहावर आणायचे, सुरक्षित जागी. चावी मधल्या खाचेत दाबून तारीख कालची, म्हणजे रविवारची लावायची. पुन्हा शेवटची खाच, आणि काटे पुढे फिरवत मध्यरात्र ओलांडून सोमवारच्या सातवर. हे सगळं दोन मिनिटांत होतं. ज्याला दर सोमवारी ही दोन मिनिटं आवडतील त्याने ऑटोमॅटिक जरूर घ्यावं. ज्याला ७:१४ ची लोकल पकडायची आहे आणि घड्याळाकडून फक्त वेळ हवी आहे, त्याने क्वार्ट्झ घ्यावं आणि त्यात कमीपणा मानू नये.

सेकोच्या जुन्या '७एस २६' यंत्रात तर चावीने कमान भरण्याची सोयच नव्हती, आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबतही नसे. त्या यंत्राची वापरलेली घड्याळं अजून बाजारात फिरतात. ती थांबली की हलवून चालू करावी लागतात. घेण्याआधी चावी फिरवून विचारावं: याने कमान भरते का?

ऑटोमॅटिक आणि चावीच्या घड्याळांचा मोठा शत्रू म्हणजे चुंबक. मोबाईलच्या पाकिटाचं झाकण, स्पीकर, लॅपटॉप, पर्सची कडी, सगळीकडे तो लपलेला असतो. केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना ओढू लागतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चक्र भराभर डोलतं. कालपर्यंत दिवसाला दहा सेकंद पुढे जाणारं घड्याळ आज एकाएकी काही मिनिटं पुढे गेलं, तर पहिला संशय चुंबकाचाच घ्यावा. साध्या होकायंत्राजवळ घड्याळ नेऊन बघावं. सुई जोरात हलली तर चुंबक चढलेला असण्याची शक्यता मोठी. घड्याळजीकडे चुंबक उतरवण्याचं छोटं यंत्र असतं, काम काही सेकंदांचं. अशा वेळी यंत्र उघडून सर्व्हिसिंग करण्याचा सल्ला मिळाला तर आधी एवढंच करून मागावं. क्वार्ट्झलाही चुंबक थांबवतो, पण दूर नेल्यावर ते आपोआप चालू होतं. फक्त वेळ पुन्हा लावावी लागते.

खर्चाचा फरक खरेदीच्या दिवशी दिसत नाही. कमानीच्या घड्याळांतलं तेल सुकतं आणि घट्ट होतं, म्हणून तीन ते पाच वर्षांनी यंत्र उघडून धुऊन पुन्हा तेल द्यावं लागतं. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये हा खर्च घड्याळाच्या किमतीच्या मानाने बराच असतो, कधी नवं यंत्रच बसवणं परवडतं. क्वार्ट्झला सेल आणि सेल बदलताना मागच्या झाकणाचं रबरी सील बघून घेणं, एवढं पुरतं.

दुकानात उभं राहून तपासायच्या गोष्टी थोड्याच. तबकडीवर नुसतं 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं पुरेसं नाही; यंत्र कोणाचं आणि कोणत्या क्रमांकाचं, हे विचारावं. नाव न सांगता येणारं, तबकडीला भोक पाडून डोलतं चक्र दाखवणारं फार स्वस्त घड्याळ घेऊ नये. त्याचं सुटं सामान उद्या मिळणार नाही. मागच्या झाकणाला काच असेल तर रोटर मोकळा फिरतो का ते बघावं. '३० मीटर' असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ हात धुताना उडालेले थेंब इतकाच धरावा. पोहायला १०० मीटरचं लागतं, आणि तेही चावी पूर्ण आत दाबलेली असताना.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात एक नोंद ठेवावी. मोबाईलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवून घड्याळ लावायचं, रोजच्यासारखं वापरायचं आणि सात दिवसांनी त्याच वेळी फरक लिहायचा. क्वार्ट्झमध्ये तो पाच-सहा सेकंदांच्या आत हवा. 'एनएच ३५' आठवड्यात चार मिनिटं पुढे गेलं तरी ते मर्यादेत आहे. सहा-सात मिनिटं गेलं तर तारीख-शिक्क्याचं वॉरंटी कार्ड आणि ही नोंद घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जावं.